नफा वाढला, मग लाभांश का घटला? भागधारकांनी वारंवार विचारलेले प्रश्न

भागधारक बंधू-भगिनींनो,

वार्षिक अहवालासोबत माझे दीड पानाचे पत्र तुम्हाला पोचले. त्यात मी लिहिले होते की २०२४-२५ मध्ये आपल्या डाळ मिलचा निव्वळ नफा २ कोटी १० लाखांवरून ३ कोटी २० लाखांवर गेला, आणि संचालक मंडळाने लाभांश मात्र २० टक्क्यांऐवजी ८ टक्के सुचवला आहे. कारण म्हणून एकच वाक्य होते: "खेळत्या भांडवलाची वाढती गरज लक्षात घेता." त्यानंतर औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा अशा सगळीकडून फोन आले. मुरूडच्या एका निवृत्त गुरुजींनी तर सरळ विचारले, "साहेब, हे वाक्य तुम्ही लिहिलं की सीएनं?" सीएनेच लिहिले होते. आता जे लिहितो आहे ते माझे.

नफा दीडपट झाला. मग पैसा गेला कुठे?

बराचसा गोदामात गेला. ३१ मार्च २०२५ ला आपल्या लातूर एमआयडीसीतल्या गोदामात १२ हजार क्विंटल तूर होती, म्हणजे पन्नास किलोचे २४ हजार कट्टे. त्या दिवशी आत उभे राहिले असते तर थप्प्यांच्या मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट दिसली असती. आदल्या वर्षी त्याच तारखेला ५ हजार क्विंटल होती.

हे का घडले ते तूर पिकवणाऱ्यांना सांगायला नको. येळवशीला तूर शेतात उभी असते, त्यानंतर ती खळ्यावर येते आणि जानेवारी ते मार्च या काळात बाजारात लोंढा येतो. मिलवाल्याला पुढच्या काही महिन्यांचा माल याच दिवसांत भरावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तुरीने दहा-बारा हजारांचा भाव पाहिला होता. त्या भावात आणि सरकारने साठ्यावर मर्यादा घातलेल्या काळात आपण जेमतेम साठा ठेवून मिल चालवली. २०२५ च्या जानेवारीत भाव ७,५५० च्या हमीभावाखाली आला, तेव्हा आपण जास्त माल भरला. तो सरासरी ७,३०० ने पडला. १२ हजार क्विंटलचे झाले ८ कोटी ७६ लाख. आदल्या वर्षीचा साठा ५ कोटींचा होता. म्हणजे ३ कोटी ७६ लाख रुपये कट्ट्यांत बांधले गेले, आणि ही रक्कम वर्षभराच्या नफ्यापेक्षा मोठी आहे.

पण तूर घेतली तो खर्चच ना? मग तो नफ्यातून वजा कसा झाला नाही?

हा सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि तो चाकूरच्या एका ताईंनी विचारला. हिशेबाच्या नियमाने तूर विकत घेतली म्हणून खर्च होत नाही. तिची डाळ होऊन विकली गेली, म्हणजे मग ती खर्चात धरतात. तोवर ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसते. पैसा गेलेला असतो, नफा मात्र जागचा हलत नाही.

तुमच्या घरचेच बघा. चाळीस क्विंटल तूर झाली, भाव पडला म्हणून तुम्ही ती विकली नाही, पडवीत रचून ठेवली. गावात म्हणतील यंदा यांचे चांगले पिकले, आणि ते खोटे नाही. पण पोराची फी भरायला तुम्ही उसनवारीच कराल.

एकूण हिशेब सांगा, पण आम्हाला कळेल असा.

लाखांत सांगतो. निव्वळ नफा ३२०. त्यात घसाऱ्याचे ६० मिळवा. घसारा नफ्यातून वजा झालेला असला तरी तो कुणाच्या हातात दिलेला पैसा नसतो. झाले ३८०. यातून वाढलेल्या साठ्याचे ३७६ गेले. उधारी वाढली त्यात ९० गेले. म्हणजे धंद्याने वर्षभरात रोख मिळवण्याऐवजी उलट ८६ लाखांचा खड्डा पाडला, आणि हे सगळे ३ कोटी २० लाखांचा नफा दाखवत असताना.

हा खड्डा बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून २७० उचलून बुजवला. हाती राहिले १८४. जुन्या मुदत कर्जाचे मुद्दल महिन्याला ६ लाखांप्रमाणे ७२ गेले. लक्षात घ्या, कर्जाचे व्याज खर्चात धरतात, मुद्दल धरत नाहीत. त्यामुळे नफ्याच्या आकड्याला या ७२ लाखांचा पत्ताच नसतो. उरले ११२. आणि याच वर्षात, सभेनंतर, तुम्हाला आदल्या वर्षाचा २० टक्के लाभांश दिला, तो १००. शेवटी उरले १२. वर्षाच्या सुरुवातीला आपल्याजवळ ३८ होते, वर्षाअखेर झाले ५०.

पन्नास लाख. आणि २० टक्के लाभांशाला लागतात शंभर.

उधारी का वाढू दिली?

आपली विक्री साधारण ६० कोटींची. म्हणजे दिवसाला सोळा लाखांहून थोडी जास्त. दक्षिणेतला व्यापारी पूर्वी पंधराव्या दिवशी पैसे टाकायचा, तो आता विसाव्या-एकविसाव्या दिवशी टाकतो. फरक पाच-सहा दिवसांचाच आहे, पण या पाच-सहा दिवसांतच ९० लाख अडकले. शेतकऱ्याला आणि आडत्याला मात्र आपण लगेच पैसे देतो. तिथे पाच दिवस लांबवले तर पुढच्या सौद्याला चांगला माल आपल्याकडे फिरकणार नाही.

यात आमची एक चूक आहे, ती सांगतो. एका खरेदीदाराकडे ३१ लाख चौपन्न दिवस राहिले. तो जुना, विश्वासू, म्हणून त्याचा पुढचा ट्रक थांबवायला आम्ही उशीर केला. पैसे आले, पूर्ण आले. पण ते मार्चऐवजी एप्रिलमध्ये आले. आता तीस दिवसांवर थकलेल्याचा ट्रक गेटमधून सुटत नाही.

मार्च जाऊन सहा महिने झाले. तूर विकली असेल. तो पैसा मोकळा झाला नाही का?

झाला, पण त्याच्यावर पहिला हक्क बँकेचा. कॅश क्रेडिट मालाच्या तारणावर असते. शंभर रुपयांचा माल दाखवला तर बँक पंच्याहत्तर देते, पंचवीस आपले घालावे लागतात. दर महिन्याला आपण साठ्याचे पत्रक देतो, अधूनमधून बँकेचा माणूस येऊन थप्प्या मोजून जातो. माल कमी झाला की उचल तेवढी खाली आणावीच लागते. म्हणून डाळ विकून आलेल्या शंभरातले पंच्याहत्तर आधी त्या खात्यात जातात.

उरलेल्या पंचविसालाही भोक पडले. ३१ मार्चला तुरीचा बाजारभाव आपल्या खरेदीच्या आसपास होता, म्हणून साठा खरेदीच्या किमतीला धरला. नियम असा आहे की खरेदीची किंमत आणि विकून मिळेल ती किंमत यांतली कमी असेल ती धरायची. तेव्हा लेखापरीक्षकांना बोट ठेवायला जागा नव्हती. पण नंतर भाव आणखी उतरला. मोझांबिक, टांझानिया, म्यानमारमधून शुल्क न भरता तूर आणायला सरकारने ३१ मार्च २०२६ पर्यंत मुभा दिली होती, आणि तो माल बंदरात येतच राहिला. जूनअखेर आपल्याकडे निम्मा साठा, ६ हजार क्विंटल, शिल्लक होता, आणि क्विंटलमागे साधारण ७०० रुपयांनी भाव पडला होता. गुणाकार तुम्हीच करा. ४२ लाख होतात. हा फटका ३ कोटी २० लाखांत नाही, तो चालू वर्षात दिसेल. लाभांश ठरवायला बसलो तेव्हा तो आमच्यासमोर होता. अहवालात फक्त मार्चपर्यंतचे चित्र असते, म्हणून तुम्हाला तो दिसला नाही आणि तुमचा राग रास्त वाटला.

भाव पडणार हे कळले नाही का, असेही दोघांनी विचारले. नाही कळले. स्वस्त वाटली म्हणून भरली.

मग बँकेकडून आणखी उचलून लाभांश द्यायचा. साठ लाखांचाच तर प्रश्न आहे.

कॅश क्रेडिट माल भरण्यासाठी असते. त्यातून लाभांश वाटला तर कर्ज उभे राहते पण त्याच्यामागे कट्टा नसतो. शिवाय आपल्या मंजूर मर्यादेत मार्चअखेर जागाच उरली नव्हती, २७० च्या वर उचलता आले नसते. समजा मिळाले असते तरी साडेदहा टक्क्यांनी ६० लाखांचे वर्षाला ६ लाख ३० हजार व्याज. ते तुमच्याच पुढच्या नफ्यातून गेले असते. उसने आणून वाढणे म्हणतात ते हेच.

नवीन मशिनरी एक वर्ष पुढे ढकलता आली नसती का?

यावर मंडळात दोन बैठका गेल्या, आणि एक संचालक शेवटपर्यंत ढकलण्याच्या बाजूने होते.

आपण घेतोय ते एक सॉर्टेक्स आणि एक ड्रायर. मिळून २ कोटी २० लाख. बँक १ कोटी ६५ लाख देते, ५५ लाख आपले घालायचे आहेत. ड्रायरचे कारण असे की तुरीला तेल-पाणी लावून ती वाळवावी लागते, तेव्हा कुठे टरफल सुटते. आजवर आपण हे उघड्या पटांगणावर उन्हात करतो. पावसाळ्यात आभाळ आले की ताडपत्र्या टाकायच्या, ऊन पडले की काढायच्या. अर्धवट वाळलेली तूर रोलमध्ये गेली की डाळ तुटते, चुनी वाढते, आणि चुनी जनावराच्या खाद्याच्या भावाने जाते.

सॉर्टेक्सचे कारण माझ्या टेबलावर पडलेले आहे. चेन्नईहून परत आलेल्या मालाचा नमुना. मूठभर फटका डाळ पांढऱ्या कागदावर पसरली तर पिवळ्याधमक दाण्यांत पाच-सहा डागी दाणे दिसतात. आपले जुने मशीन हे दाणे आता पकडत नाही. तो अख्खा ट्रक किलोला कमी भाव घेऊन तिथेच द्यावा लागला.

यंदा नाही घेतले तर पुढच्या जानेवारीचा मालही याच मशीनवर. म्हणून माझे मत घेण्याच्या बाजूने पडले. विरोधी संचालकांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. ते म्हणाले, आधी उधारी वसूल करा, मग लोखंड घ्या.

तुमचे पगार कमी झाले का?

नाही. आणि वाढलेही नाहीत. व्यवस्थापकीय संचालकांना वर्षाला २४ लाख मिळतात, तेवढेच यंदाही. बाकी आम्हाला बैठकीचा भत्ता तोच. संचालकांच्या कुटुंबांकडे मिळून ४१ टक्के भाग आहेत, त्यामुळे लाभांश घटल्याचा सगळ्यात मोठा फटका आम्हालाच, असे उत्तर मी फोनवर एकाला दिले. ते म्हणाले, "तुमचं बरंय, तुमाला दर महिन्याला मिळतंय. आमाला वर्षातून एकदाच." याला माझ्याकडे उत्तर नाही.

८ टक्के म्हणजे बँकेच्या ठेवीएवढे तर झालेच की!

काही जणांनी हे समाधानाने म्हटले, पण तसे नाही. लाभांशाचा टक्का दर्शनी किमतीवर असतो. आपल्या भागाची दर्शनी किंमत १० रुपये, म्हणून ८ टक्के म्हणजे भागामागे ८० पैसे. सुरुवातीला १० रुपयांना घेतलेल्यांना खरेच ८ टक्के पडले. पण ज्यांनी नंतर दुसऱ्याकडून ४० रुपयांना घेतले, त्यांना ४० वर ८० पैसे, म्हणजे २ टक्के.

राखून ठेवलेला नफा आमचाच ना?

कागदावर हो. ३ कोटी २० लाखांतून ४० लाख वाटले, २ कोटी ८० लाख राहिले. ५० लाख भागांवर भागले तर भागामागे ५ रुपये ६० पैसे पुस्तकी किंमत वाढली. पण आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. उद्या तुम्हाला भाग विकायचा झाला तर गिऱ्हाईक शोधावे लागते, आणि ते पुस्तकी किंमत बघून भाव देत नाही, लाभांश बघून देते. त्यामुळे "पैसा कंपनीतच आहे, काळजी करू नका" असे मी तुम्हाला म्हणणार नाही. मुलीचे लग्न पुस्तकी किमतीवर होत नाही.

लाभांशाऐवजी बोनस शेअर द्या.

लाभांशाच्या बदल्यात बोनस देता येत नाही, असे कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६३ मध्ये स्पष्ट आहे. आणि वेगळा विषय म्हणून दिला तरी तीच भाकरी चारऐवजी आठ तुकड्यांत.

सभेत बहुमताने लाभांश २० टक्के करून घेऊ शकतो का?

नाही. लाभांश मंडळ सुचवते आणि सभा जाहीर करते. सुचवल्यापेक्षा कमी करण्याचा किंवा ठराव फेटाळण्याचा अधिकार सभेला आहे, वाढवण्याचा नाही. आपल्या नियमावलीत तसे कलम आहे. रागाच्या भरात कुणी ठराव पाडायचे म्हणत असेल तर त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ठराव पडला तर ८ टक्केही मिळणार नाहीत. राग दाखवायचा असेल तर संचालकांच्या फेरनिवडीचा ठराव त्याच सभेत आहे. तिथे मत वापरा, त्यात माझेही नाव आहे.

पैसे कधी येतील? कर कापला जाईल का?

सभेने मंजूर केल्यापासून पाच दिवसांत पूर्ण रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते आणि तीस दिवसांत तुमच्या खात्यात पोचवावी लागते. एकदा जाहीर झालेला लाभांश हे कंपनीवरचे देणेच असते, नंतर तूर पडली म्हणून मागे घेता येत नाही. आम्ही इतके हात आखडून का सुचवला, त्याचे हेही एक कारण.

आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एका व्यक्तीला आपल्याकडून मिळणारा लाभांश १० हजारांपेक्षा जास्त असेल तरच १० टक्के टीडीएस कापला जातो. भागामागे ८० पैशांनी हिशेब केला तर १२,५०० भागांपर्यंत कुणाचेच काही कापले जाणार नाही. त्यावरच्यांनी पॅन नोंदवले आहे ना, ते पाहावे. नसेल तर २० टक्के जातात.

वडील वारले. त्यांच्या नावचे जुने लाभांश पडून आहेत.

असे बरेच जण आहेत. सात वर्षे न उचललेला लाभांश केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो, आणि सलग सात वर्षे उचलला नसेल तर भागसुद्धा तिकडेच वर्ग होतात. तिथून परत मिळतात, पण अर्ज आणि कागदांची धावपळ मोठी असते. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन त्याआधीच कार्यालयात या.

मागच्या वर्षी २० टक्के देताना हे दिसले नव्हते का?

मागच्या वर्षी २ कोटी १० लाखांतून १ कोटी वाटले, जवळजवळ निम्मे. साठा कमी होता म्हणून हातात रोख दिसत होती. ती रोख आपली नव्हती, ती पुढच्या जानेवारीच्या तुरीची होती. १४ टक्के द्यायला हवे होते असे मला आज वाटते. म्हणजे यंदाची उडीही एवढी खोल दिसली नसती.

पुढच्या वर्षी परत २० टक्के?

शब्द देत नाही. मे महिन्यात मंडळ बसेल तेव्हा काय पाहिले जाईल ते सांगतो. उधारी पुन्हा पंधरा दिवसांवर आली का, मार्चअखेर साठा ८ हजार क्विंटलच्या आत ठेवला का, आणि नवीन कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावरही धंद्यातून रोख उरली का. तुम्हाला आमच्या शब्दावर विसंबायचे नसेल तर अहवालातले रोख प्रवाह पत्रक उघडा. "कामकाजातून मिळालेली रोख" अशी ओळ असते. यंदा ती उणे ८६ लाख आहे. नफ्याच्या पानाआधी ते पान बघायची सवय लावा. आणि ज्यांना थप्प्या प्रत्यक्ष बघायच्या आहेत त्यांनी रविवार सोडून कधीही सकाळी अकरानंतर यावे. गेटवर भागधारक म्हणून नाव सांगा, चहा माझ्याकडून.